नाळ कापल्यानंतरचे काही तास

नाळेला चिमटा लागतो त्या क्षणी बाळाला आईकडून मिळणारी साखर बंद होते. तोपर्यंत आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे अखंड झिरपत असते. बाळाला ती मागावी लागत नाही, साठवूनही फारशी ठेवावी लागत नाही. जन्मानंतर मात्र दोन दुधांच्या मधला वेळ त्याला स्वतःच्या यकृतातल्या साठ्यावर काढावा लागतो. त्यामुळे निरोगी बाळाच्याही रक्तातली साखर पहिल्या तास-दोन तासांत उतरते. मग शरीर जागे होते, यकृत साठा मोकळा करू लागते आणि तीन-चार तासांत आकडा आपोआप वर येतो. मधुमेही आईच्या बाळात ही उतरण लवकर सुरू होते, जास्त खोल जाते आणि वर येण्याची यंत्रणाच दबलेली असते.

याचे मूळ गर्भारपणात आहे. आईची साखर वार ओलांडून जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. आईच्या रक्तात साखर जास्त, म्हणून बाळाच्याही रक्तात जास्त. आणि ती आटोक्यात ठेवण्याचे काम बाळाच्या इवल्याशा स्वादुपिंडावर येऊन पडते. आठवड्यांमागून आठवडे हा भार वाहता वाहता स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वाढतात आणि ते भरपूर इन्सुलिन सोडू लागते. इन्सुलिन साखर उतरवते तसे शरीर वाढवतेही, म्हणून ही बाळे पुष्कळदा गुटगुटीत, खांद्यांवर नि पोटावर चरबी असलेली जन्मतात. नाळ कापली की आईकडची साखर थांबते, पण बाळाच्या स्वादुपिंडाला ते लगेच उमजत नाही. ते पूर्वीच्याच जोमाने इन्सुलिन सोडत राहते. इन्सुलिनची ही जादा मात्रा तीन वाटा एकदम अडवते. यकृतातला साठा सुटत नाही, नवी साखर तयार होत नाही आणि चरबी वितळून कीटोन बनत नाहीत. यातली तिसरी गोष्ट सर्वांत जाचक, कारण साखर कमी पडली की नवजात मेंदू कीटोनवर भागवू शकतो. या बाळांच्या मेंदूला तो पर्यायही पुरेसा मिळत नाही. अंगावर एवढी चरबी असलेले बाळ इंधनावाचून तळमळते, ते यामुळे.

डेन्मार्कचे वैद्य योर्गन पेडर्सन यांनी १९५० च्या दशकात ही साखळी मांडली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'हापो' अभ्यासाने तिला मोठा आधार दिला. नऊ देशांतल्या पंचवीस हजारांहून अधिक गर्भवतींची त्यात तपासणी झाली. आईची साखर जसजशी चढी, तसतसे बाळाचे वजन आणि नाळेच्या रक्तातली इन्सुलिनची खूणही चढी, असे त्यात दिसले. अमुक आकड्याच्या खाली सगळे ठीक आणि वर सगळे बिघडलेले, अशी रेघ मात्र सापडली नाही. म्हणून 'माझी शुगर थोडीशीच वाढली होती, गोळीसुद्धा नव्हती' असे सांगणाऱ्या आईच्या बाळालाही तपासणीतून सूट मिळत नाही. धोका कमी असतो, शून्य नसतो.

गर्भारपणातल्या नियंत्रणाइतकेच वजन कळांच्या काही तासांना आहे आणि हे घरच्यांना सहसा माहीत नसते. प्रसूतीच्या अगदी आधी आईची साखर चढली, तर ती मिनिटांत बाळाकडे पोहोचते आणि सज्ज बसलेले स्वादुपिंड इन्सुलिनचा नवा लोंढा सोडते. बाळ जन्मते ते हा लोंढा अंगात घेऊनच. म्हणून मधुमेही आईला कळांच्या वेळी ग्लुकोजचे सलाईन सरसकट आणि वेगाने लावत नाहीत. तासा-दोन तासाला तिची साखर पाहतात, ती साधारण ७० ते ११० च्या दरम्यान राहावी अशी खटपट करतात आणि लागले तर सलाईनसोबत इन्सुलिनही देतात. (हे आणि पुढचे सगळे आकडे १०० मिलिलिटरमागे मिलिग्रॅम या, ग्लुकोमीटरवर दिसणाऱ्या, मापातले आहेत.)

बाळाकडे वेळ किती थोडा असतो, हे साध्या हिशेबाने कळते. ३ किलो ९०० ग्रॅमच्या बाळात रक्त सुमारे ३२० मिलिलिटर असते. साखर ६० असली, तर या सगळ्या रक्तात मिळून साखर भरते जेमतेम २०० मिलिग्रॅम, म्हणजे एक बारीक चिमूट. नवजात बाळ दर किलोमागे मिनिटाला चार ते सहा मिलिग्रॅम साखर वापरते आणि तिचा बराच मोठा वाटा मेंदू घेतो. या बाळाचा खर्च म्हणजे मिनिटाला सुमारे २० मिलिग्रॅम. रक्तातली चिमूट दहा मिनिटांत संपावी असा हा व्यवहार आहे. तो चालतो तो यकृत सतत भर घालते म्हणून. यकृताचा हात इन्सुलिनने धरून ठेवला की काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

यावरचा पहिला उपाय औषधाच्या कपाटात नसतो. जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळाला पाजणे, हा तो उपाय. बाळ पुसून, कोरडे करून थेट आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवतात आणि दोघांवर मिळून पांघरूण घालतात. ही ऊब केवळ मायेची नाही. गार पडलेले बाळ अंग तापवण्यासाठी साखर जाळते, आणि इथे साखरच तोकडी असते. सिझेरियन झाले असले तरी बहुतेक वेळा टाके घालणे चालू असतानाच बाळ छातीवर ठेवता येते. त्यासाठी एक सिस्टर बाळाजवळ थांबावी लागते, एवढेच. बाळाला वजनासाठी, आंघोळीसाठी, नातेवाइकांना दाखवण्यासाठी नेण्याची घाई या तासात करू नये. आंघोळ तर पहिल्या दिवशी नसलेलीच बरी.

पहिल्या दिवशी येणारे दूध हे घट्ट, पिवळसर चिकाचे दूध. ते थेंबांनी मोजावे इतके थोडे असते. एका वेळी दोन ते दहा मिलिलिटर. 'एवढ्याने काय होणार' ही शंका बाळंतिणीला येते, तिच्या आईला येते आणि कधी कधी डॉक्टरांनाही येते. शंका अगदीच खोटी नाही. पाच मिलिलिटर चिकातली साखर मोजली तर ती वर सांगितलेल्या खर्चाची काही मिनिटेच भागवेल. पण दुधाचे काम तेवढेच नाही. दुधातल्या साखरेचा अर्धा भाग गॅलॅक्टोज असतो. तो यकृताकडे जातो आणि इन्सुलिनला फारसे डिवचत नाही. चिकातली प्रथिने आणि स्निग्धांश आतड्याला जागे करतात आणि बाळाच्या शरीराला स्वतः साखर नि कीटोन बनवण्याच्या वाटेवर आणतात. चीक हा पेटीतला कोळसा कमी आणि काडी जास्त, असे म्हणता येईल. म्हणूनच ते एकदा भरपूर देण्यापेक्षा थोडे थोडे, दर दोन तासांनी, दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा देणे कामाचे.

बाळ ओढत नसेल तर थांबून राहायचे नसते. आईने अंगठा आणि बोटे स्तनाच्या काळसर भागाच्या थोडी मागे ठेवून, आधी छातीकडे दाबून मग एकमेकांकडे आणली, की चीक थेंब थेंब येतो. तो स्वच्छ वाटीत किंवा चमच्यातच धरावा. पंपाने हे थेंब नळीला चिकटून वाया जातात. हाताने काढलेला चीक जास्त हाती लागतो. तो बाळाला वाटी-चमच्याने, बोंडल्याने किंवा दक्षिणेतून आलेल्या आणि आता आपल्याकडच्या नवजात विभागांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या पलाडाईने पाजतात. बाटली टाळतात. काही ठिकाणी मधुमेही गर्भवतीला ३६ आठवड्यांनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच थोडा चीक काढून गोठवून ठेवायला शिकवतात. गुंतागुंत नसलेल्या गर्भारपणात हे सुरक्षित असल्याचे ऑस्ट्रेलियात झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले आहे. आईचा चीक पुरेना, तर दुसरी पसंती मातृदुग्धपेढीतल्या दुधाला. आशियातली पहिली अशी पेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पेढी जवळ नसेल तर मोजके फॉर्म्युला दूध देतात; ते औषध म्हणून, एक-दोन वेळांपुरते, आणि आईचे पाजणे चालू ठेवून.

साखरपाणी, गूळपाणी किंवा मध मात्र नाही. युक्तिवाद सरळ वाटतो: साखर कमी आहे ना, मग साखरच द्या. पण पाण्यात कालवलेली साखर रक्तात भर्रकन चढते, इन्सुलिनला आणखी चिथावते आणि तासाभरात आकडा पूर्वीपेक्षाही खाली येऊ शकतो. शिवाय तिने बाळाचे पोट भरते, ते चीक कमी ओढते, आणि स्निग्धांश-प्रथिने मिळत नाहीत ती नाहीतच. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूंची बीजे असू शकतात, म्हणून तो वर्षभर वर्ज्य. सोन्याच्या अंगठीने चाटवलेला असला तरी.

पाजल्यानंतरची पायरी मोजण्याची. पहिले मोजमाप साधारण पहिल्या पाजण्यानंतर अर्ध्या तासाने, म्हणजे जन्मानंतर एक ते दोन तासांच्या दरम्यान होते. त्याआधी मोजले तर प्रत्येक बाळात दिसणारी नैसर्गिक उतरणच पकडली जाते आणि उगाच धावपळ होते. फार उशिरा मोजले तर खोल गेलेली साखर निसटते. त्यानंतरची मोजमापे पाजण्याच्या आधी करायची असतात. पाजून झाल्यावर आलेला चांगला आकडा फसवा असतो. दोन पाजण्यांमधल्या सर्वांत कठीण क्षणी बाळ कुठे आहे, ते पाहायचे असते.

रक्त टाचेतून घेतात, टाचेच्या मधोमध नाही तर आतल्या किंवा बाहेरच्या कडेवर, कारण मध्यभागी हाड जवळ असते. टाच आधी हाताच्या उबेने किंवा कोमट फडक्याने गरम करतात. गार टाचेतले रक्त साकळलेले असते आणि आकडा खोटा कमी येतो. स्पिरिटने पुसल्यावर ते पूर्ण वाळू द्यावे लागते, आणि पहिला थेंब पुसून दुसरा स्ट्रिपवर घ्यावा लागतो. टाच पिळून काढलेल्या थेंबात पेशींतले पाणीही मिसळते. टोचताना बाळ आईच्या अंगाला लागून पीत असेल, तर ते कमी रडते.

ग्लुकोमीटर हे यंत्र मुळात मोठ्या माणसांची चढलेली साखर पाहण्यासाठी बनलेले आहे. खालच्या आकड्यांत ते दहा-पंधराने इकडे तिकडे जाऊ शकते. मधुमेही आईच्या बाळांत आणखी एक अडचण असते. गर्भात प्राणवायू थोडा कमी पडल्याने त्यांचे रक्त पुष्कळदा घट्ट, तांबड्या पेशींनी गच्च असते, आणि अशा रक्तात बरीच ग्लुकोमीटर यंत्रे खऱ्याहून कमी आकडा दाखवतात. म्हणून कमी आलेला आकडा प्रयोगशाळेत पडताळून घेतात. तिथेही एक खाच आहे. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी वाट पाहत बसत नाहीत, त्या साखर खात राहतात; तासभर नमुना पडून राहिला तर आकडा आणखी उतरतो. त्यासाठी फ्लुओराइड घातलेली करड्या झाकणाची नळी वापरतात आणि नमुना लगेच पोहोचवतात. प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत उपचार मात्र थांबवायचे नसतात. थोडी जादा साखर दिल्याने बाळाचे जितके बिघडेल, त्याहून कितीतरी जास्त ती न दिल्याने बिघडू शकते.

किती म्हणजे कमी, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही. भारतात साधारण ४५ च्या खाली उपचाराचा विचार करतात. अनेक ठिकाणी ४० हा जुना आकडा अजून चालतो. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०११ साली पहिल्या चार तासांसाठी सैल आणि पुढच्या वीस तासांसाठी घट्ट अशी दोन टप्प्यांची मांडणी केली. कारण उघड आहे: दोन तासांच्या बाळात ३८ हा उतरणीचा तळ असू शकतो, दहा तासांच्या बाळात तोच आकडा यंत्रणा सुरू न झाल्याची खूण ठरतो. कोणत्या आकड्याखाली मेंदूला इजा होते, असा एकच आकडा कुणीच दाखवू शकलेले नाही. नेदरलँड्समध्ये ६८९ बाळांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही बाळांवर ४७ च्या खाली, तर काहींवर ३६ च्या खाली आल्यावर उपचार केले. दीड वर्षाच्या वयात दोन्ही गटांची वाढ सारखीच दिसली. पण ही लक्षणे नसलेली, डोळ्यांखाली असलेली, वारंवार मोजली जाणारी बाळे होती. ३६ चालते, असे न मोजणाऱ्याने यातून काढू नये. इजा ठरते ती एका आकड्यापेक्षा तो किती वेळ राहिला, किती वेळा आला आणि लक्षणे होती का, यांवर.

लक्षणे फसवी असतात. पुष्कळ बाळांत साखर २५ असूनही बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून तर टाच टोचावी लागते. जिथे दिसतात तिथे ती अशी: हातापायांची थरथर, दूध ओढण्याचा कंटाळा, ढिले पडलेले अंग, न उठणारी झोप, बारीक किंवा किंचाळल्यासारखे रडणे, गार अंग, ओठांवर निळसर झाक, श्वासात खंड, आणि शेवटी झटके. थरथर आणि झटका यांतला फरक घरच्यांनाही करता येतो. थरथरणारा हात हलकेच मुठीत धरला की थरथर थांबते. झटका तसा थांबत नाही, आणि झटक्यात पुष्कळदा डोळे एका बाजूला खेचले जातात किंवा ओठांची चोखल्यासारखी हालचाल होते. नुसती थरथर निरोगी बाळातही दिसते. मधुमेही आईच्या बाळात तिला 'सवय असेल' म्हणून सोडून न देता साखर पाहतात; आणि ती नीट असेल तर रक्तातले कॅल्शियम पाहतात, कारण या बाळांत तेही घसरते.

नमुन्यादाखल एक बाळ घेऊन हे सारे क्रमाने पाहता येईल. आईला गर्भारपणीचा मधुमेह, शेवटचे दोन महिने इन्सुलिन, ३८ आठवडे पूर्ण झाल्यावर सिझेरियन. सकाळी शस्त्रक्रियेआधी तिची साखर १०४. बाळ ९ वाजून १० मिनिटांनी जन्मले, लगेच रडले, वजन ३ किलो ९०० ग्रॅम. पुसून छातीवर ठेवले, ९.४० ला त्याने स्तन पकडला आणि पाचेक मिनिटे ओढले. १०.१५ ला टाच टोचली: ३१. बाळ जागे, गुलाबी, अंगात ताकद असलेले.

लक्षणे नाहीत आणि आकडा विसाच्या खाली नाही, म्हणून इथे पहिला उपचार पुन्हा पाजण्याचाच. सिस्टरने हाताने सहा मिलिलिटर चीक काढला आणि चमच्याने दिला, मग बाळाला परत स्तनाशी धरले. ग्लुकोजचे ४० टक्क्यांचे जेल हाताशी असेल तर ते याच वेळी वापरतात. किलोमागे अर्धा मिलिलिटर, म्हणजे या बाळाला दोनच्या आसपास. गालाच्या आतली बाजू कापसाने कोरडी करून बोटाने चोळायचे आणि लगेच पाजायचे. न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टन इथे झालेल्या आणि २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत जेल मिळालेल्या बाळांपैकी १४ टक्क्यांत उपचार फसला. साखर नसलेले जेल मिळालेल्यांत २४ टक्क्यांत. स्वस्त, सोपे आणि बाळाला आईपासून न तोडणारे असे हे साधन आहे. साखरपाण्याशी त्याची गल्लत करू नये. मात्रा मोजलेली असते, ती गालातून आणि दुधासोबत जाते, आणि तासाभरात पुन्हा मोजले जाते.

११.१५ ला आकडा आला ४६. सव्वाबाराला, पुढच्या पाजण्याआधी, ५०. घरच्यांनी निःश्वास टाकला आणि नेमकी इथे ढिलाई झाली. पुढचे पाजणे सव्वादोनला होते. त्या सुमारास आईला शस्त्रक्रियेनंतरच्या खोलीतून वॉर्डात हलवले, तिचा भुलेचा असर उतरून टाके दुखू लागले, बाळ पाळण्यात गाढ झोपले आणि आजी म्हणाली, 'झोपलंय ना शांत, उठवू नका.' सिस्टरची पाळी त्याच वेळी बदलत होती. पावणेचारला कुणाच्या तरी लक्षात आले. आकडा ३७. बाळाचे वय आता साडेसहा तास; पहिल्या चार तासांची सवलत संपलेली. बाळाला उघडे करून, तळव्यांना गुदगुल्या करून जागे केले, पाजले, वर पाच मिलिलिटर चीक दिला. पावणेपाचला ४९. त्यानंतर रात्रभर दोन-दोन तासांनी गजर लावून पाजले, आणि पाजण्याआधीचे आकडे ५२, ५५, ५८ असे चढत गेले.

असे प्रसंग नेहमीचे आहेत. मधुमेही आईच्या बाळाची साखर औषधाअभावी क्वचित, आणि खोली बदलताना, पाळी बदलताना, बाळ 'शांत झोपले' म्हणून फार वेळा घसरते. झोपलेले नवजात बाळ पोट भरल्याने झोपले आहे की साखर उतरल्याने सुस्त पडले आहे, हे दुरून ओळखता येत नाही.

आता याच बाळाचा १०.१५ चा आकडा १८ आला असता, किंवा ३४ येऊनही अंग ढिले पडलेले असते, तर पाजून वाट पाहणे चालले नसते. अशा वेळी शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज देतात, किलोमागे दोन मिलिलिटर. या बाळाला ते ७.८ मिलिलिटर, काही मिनिटांत सावकाश. आणि ते संपताच सलाईन पंपावर सुरू करतात. तासाला सुमारे १४ मिलिलिटर, म्हणजे किलोमागे मिनिटाला सहा मिलिग्रॅम साखर. पहिला डोस देऊन सलाईन न लावणे ही या उपचारातली ठरलेली चूक. एकदम दिलेली साखर पाहून बाळाचे स्वादुपिंड पुन्हा इन्सुलिन फेकते आणि अर्ध्या तासात साखर पुन्हा तळाला जाते. त्याच कारणाने २५ किंवा ५० टक्क्यांचे दाट डेक्स्ट्रोज नवजात बाळाला देत नाहीत. हाताच्या बारीक शिरेतून १२.५ टक्क्यांहून दाट द्रावण तर शिरेलाच भाजते.

अर्ध्या तासाने पुन्हा मोजतात. आकडा उठला नाही तर पंपाचा वेग दोन-दोन मिलिग्रॅमने वाढवत बारापर्यंत नेतात. बहुतेक बाळांना तिथवर जावे लागत नाही. दिवसभर आकडे स्थिर राहिले की सलाईन टप्प्याटप्प्याने उतरवतात, तेवढे दूध वाढवत जातात. एकदम बंद करत नाहीत, कारण मग तोच जुना प्रकार घडतो. सलाईन चालू असतानाही बाळ पिऊ शकत असेल तर पाजणे थांबवण्याचे कारण नसते. नवजात विभागात ठेवलेल्या बाळापर्यंत आईचा काढलेला चीक पोहोचला, तर सलाईन लवकर सुटते.

मोजणे कधी थांबवायचे, याबद्दल पद्धती वेगवेगळ्या आहेत. अमेरिकी मांडणीत मधुमेही आईच्या बाळाला, आकडे चांगले असतील तर, बारा तास पुरतात. आपल्याकडे अंतर वाढवत नेत ४८ तासांपर्यंत मोजण्याकडे कल आहे, विशेषतः बाळ फार जड, वजनाला फार कमी किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल तर. वजनाला कमी असणे हेही या यादीत आहे, हे विसरले जाते. आईचा मधुमेह जुना असून रक्तवाहिन्या खराब झाल्या असतील, तर वार नीट काम करत नाही आणि बाळ गुटगुटीत न होता वाळलेले जन्मते. त्याच्या यकृतात साठाच नसतो. वरच्या उदाहरणातल्या बाळाला दुसऱ्या दिवशी चार-सहा तासांनी टोचले. सगळे आकडे ६० च्या पुढे आले आणि तिसऱ्या दिवशी ते आईसोबत घरी गेले.

गर्भात चेतवलेले स्वादुपिंड साधारण दोन-तीन दिवसांत शांत होते. त्यानंतरही साखर पडत राहिली, किंवा ती टिकवायला पंपावर बाराहून जास्त साखर लागू लागली, तर आईच्या मधुमेहाकडे बोट दाखवून थांबता येत नाही. तेव्हा साखर खाली असतानाच रक्ताचा एक नमुना घेतात आणि त्यात इन्सुलिन, कॉर्टिसॉल, वाढीचे संप्रेरक आणि कीटोन मोजतात. साखर वर आल्यावर घेतलेला नमुना काहीच सांगत नाही. साखर ३० असताना इन्सुलिन हजर आणि कीटोन गायब असतील, तर स्वादुपिंडाचा जन्मजात दोष आहे का, हे शोधायचे असते. त्याची औषधे वेगळी, आणि तपासही मोठ्या केंद्रात व्हावा लागतो.